चुली किती, माणसं किती?

"तुमच्या घरात माणसं किती?" हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर चटकन मिळेल असं वाटतं. पण जनगणनेच्या कामात ज्यांनी दारोदार फिरून हा प्रश्न विचारला आहे, त्यांना ठाऊक आहे की उत्तरापेक्षा प्रश्नच अवघड आहे. घर म्हणजे नेमकं काय? आणि घरातलं माणूस कुणाला म्हणायचं? या दोन गोष्टी ठरल्याशिवाय "अमुक जिल्ह्यात दर कुटुंबामागे साडेचार माणसं" या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

२०११ च्या जनगणनेत मी शहापूर तालुक्याच्या एका भागात पर्यवेक्षक होतो. माझ्या हाताखालचे प्रगणक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि बाई. प्रत्येकाकडे साधारण सहा-सातशे वस्तीचा एक प्रगणन गट. त्यातले एक गुरुजी संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, एका घरात आजी एकटीच आहे. मी विचारलं, आजी, घरात किती माणसं? ती म्हणाली, आठ. मी म्हटलं, दिसत तर नाहीत कोणी. तर म्हणाली, मास्तर, दिसतील कशी? भट्टीवर गेलीत ना! आता आठ लिहू की एक?"

आजचं सगळं बोलणं मी या एका प्रश्नाभोवतीच करणार आहे. कारण आठ लिहायचे की एक, यावर केवळ त्या आजीच्या घराचा नाही, तर सगळ्या जिल्ह्याचा आकडा हलतो.

आधी कुटुंब म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना कुटुंब म्हणतो तेव्हा नात्यागोत्याची माणसं डोळ्यांपुढे येतात. जनगणनेच्या फॉर्मवरही 'कुटुंब' असाच शब्द असतो, आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. जनगणनेला नात्याशी कर्तव्य नसतं. तिची व्याख्या अशी, की जी माणसं नेहमी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ती एक कुटुंब. कामानिमित्त एखाद्याचं जेवण बाहेर होत असेल तर त्यानं बिघडत नाही. माणसं नात्यातली असतील, परकी असतील, थोडी ही थोडी ती असतील, तरी चालेल. धागा एकच, तो म्हणजे सामाईक चूल.

आपल्या मराठीनं ही व्याख्या कधीच करून ठेवली आहे. भाऊ वाटण्या करून निघाले की आपण "चूल वेगळी झाली" असं म्हणतो, आणि सरकारी व्याख्येतही नेमकं तेच आहे. मुरबाडकडच्या एखाद्या जुन्या मोठ्या घरात दोन भाऊ राहतात, दार एक, अंगण एक, पण स्वयंपाक दोन ठिकाणी होतो. मग ती कुटुंबं दोन. उलट, दोन भावांनी शेजारी शेजारी दोन घरं बांधली, झोपायला दोन ठिकाणी जातात, पण दोन्ही जावा एकाच चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक करतात, तर कुटुंब एक. घर मोजणं वेगळं आणि कुटुंब मोजणं वेगळं.

आता मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी चार मुलं घ्या. चौघांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली आहे. चौघं चार गावांचे, नातं काही नाही. ती एक स्टो आणि दोन पातेली घेऊन पाळीपाळीनं रांधत असतील, तर चार माणसांचं एक कुटुंब. पण चौघंही आपापल्या सोयीनं खानावळीत किंवा गाडीवर जेवत असतील, तर सामाईक चूल नाही. मग नियमाप्रमाणे तीच खोली म्हणजे एकेका माणसाची चार कुटुंबं. खोली तीच, माणसं तीच, पण एका बाबतीत सरासरी चार येते आणि दुसऱ्या बाबतीत एक. म्हणूनच प्रगणकानं "इथं किती जण राहता?" एवढंच विचारून भागत नाही. "जेवता कुठं?" हेही विचारावं लागतं.

इथे आणखी एक अडचण येते. पुष्कळ लोकांना वाटतं, जनगणनेवाल्याला सांगितलं की त्यावरून रेशनकार्ड वेगळं होईल किंवा घरकुल मिळेल. मग एका चुलीवर जेवणारे तीन भाऊ "आम्ही तिघं वेगळे" म्हणून सांगतात. याच्या उलटही होतं. वेगळी चूल मांडल्याचं म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून सून "आमचं एकच" म्हणते. जनगणनेत दिलेली माहिती गुप्त राहते आणि त्यावरून कुणाचं कार्ड ठरत नाही. अनुभवी गुरुजी अशा वेळी कार्ड बघायला मागत नाहीत. ते सहज विचारतात, "आज भात कुणी घातला होता?"

साध्या कुटुंबांखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. एक संस्थात्मक कुटुंब. वसतिगृह, तुरुंग, अनाथाश्रम, अशा ठिकाणी एकमेकांचे कुणी नसलेले लोक एका भटारखान्यात जेवतात. ती सगळी मिळून एक कुटुंब धरली जातात. दुसरा प्रकार बेघर कुटुंबांचा. पुलाखाली, फलाटावर, उघड्यावर राहणाऱ्यांना एका ठरावीक रात्री मोजतात. २०११ मध्ये ती रात्र २८ फेब्रुवारीची होती.

संस्थात्मक कुटुंब ही शहापूर-मुरबाडकडे काही दुर्मिळ गोष्ट नाही. या भागात आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळा आहेत. शेकडो मुलं तिथंच राहतात, तिथंच जेवतात. त्याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते एका काल्पनिक गावावरून बघू. समजा गावात १०० कुटुंबं आहेत आणि ४३० माणसं. सरासरी झाली ४.३. आता त्याच गावाच्या हद्दीत ३२० मुलांची आश्रमशाळा आहे. ती ३२० मुलं मिळून कुटुंब एकच. म्हणजे एकूण माणसं ७५०, कुटुंबं १०१. भागाकार करा, सरासरी येते जवळजवळ ७.४. गावातल्या एकाही घरात सात माणसं नसतील, पण पुस्तकात गाव मोठाल्या खटल्यांचं दिसेल! शाळेच्या आवारातच राहणाऱ्या अधीक्षकांचा संसार मात्र वेगळा, त्यांची चूल वेगळी, म्हणून ते साधं कुटुंब.

असा फुगवटा वाचकाला ओळखता येतो का? येतो. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावोगावचे आकडे दिलेले असतात. कुटुंबं किती, माणसं किती, आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, हेही असतं. घराघरांतून खरोखरच सात-सात माणसं असतील, तर सहसा त्यांत लहान मुलंही भरपूर असतात. पण आश्रमशाळेतली बहुतेक मुलं सहा वर्षांच्या पुढची. तेव्हा सरासरी मोठी आणि लहान मुलांचं प्रमाण मात्र आजूबाजूच्या गावांपेक्षा कमी, असं दिसलं की समजावं, इथं कुठंतरी वसतिगृह आहे. जनगणना विभाग साध्या कुटुंबांचं आकारानुसार वेगळं कोष्टकही काढतो. एका माणसाची कुटुंबं किती, दोन माणसांची किती, असं. खरी स्थिती बघायची तर ते कोष्टक अधिक कामाचं.

आणि याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. आश्रमशाळेत मोजलेलं मूल घरी मोजायचं नसतं. म्हणजे ज्या पाड्यावरून मुलं शाळेत गेली, तिथल्या घरांचे आकडे लहान होतात. एका गावाचा आकडा फुगतो, दहा पाड्यांचा आक्रसतो.

आता माणूस कुणाच्या घरात धरायचा, हा दुसरा मुद्दा. इथे आपण त्या आजीकडे परत जाऊ.

२०११ मध्ये प्रत्यक्ष मोजणी ९ फेब्रुवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत झाली. लोकसंख्या धरली गेली ती १ मार्चच्या ० वाजताची, म्हणजे २८ तारीख संपून १ तारीख लागते त्या क्षणाची. त्यानंतर १ ते ५ मार्च प्रगणकांनी पुन्हा फेरी मारली. मधल्या दिवसांत कुठं बाळ जन्मलं, कुणी वारलं, कुणी नवीन राहायला आलं, ते दुरुस्त केलं. नेहमी घरी राहणारा माणूस या वीस दिवसांत काही काळ तरी घरी असेल, किंवा २८ तारखेपर्यंत परत येणार असेल, तर तो आपल्या घरी मोजायचा. पण कुणी या संपूर्ण मुदतीत बाहेर असेल, तर त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा.

नियम साधा आहे, आणि त्याचं कारणही रास्त आहे. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये आणि एकही सुटू नये. म्हातारी आई महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे, अशी पाळीनं राहत असेल, तर ती त्या मुदतीत ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे एकदाच मोजली जाते. दोन्ही भावांनी प्रेमानं तिचं नाव सांगितलं तर लोकसंख्या एकनं वाढते! आणि दोघांनीही "ती दुसऱ्याकडे असते" म्हटलं, तर जिवंत बाई कागदावरून नाहीशी होते.

पण हा नियम मुळात वर्षभर एका जागी राहणाऱ्या माणसांसाठी बसवलेला आहे. शहापूर-मुरबाडकडचं चित्र निराळं आहे. इथल्या कातकरी आणि इतर आदिवासी पाड्यांवर भाताची कापणी-झोडणी आटोपली, दिवाळी झाली, की पुष्कळ कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. भिवंडी, कल्याण या बाजूच्या भट्ट्यांवर खोपट्या घालून ती राहतात. नवरा-बायको, लेकरं, शेळ्या-कोंबड्या, सगळं घेऊन. पाऊस तोंडावर आला की परत येतात. म्हणजे फेब्रुवारी महिना आला की भट्ट्यांचा हंगाम ऐन भरात असतो, आणि जनगणना नेमकी तेव्हाच.

तर मग त्या गुरुजींना मी काय सांगितलं? मी म्हटलं, "पहिल्यांदा विचारा, ९ तारखेपासून कोण घरी येऊन गेलं का? महिना संपायच्या आत कोण येणार आहे का?" आजी म्हणाली, मुलगा, सून, नातवंडं कुणीच आलेलं नाही, आणि मुकादम होळीशिवाय सोडत नाही. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे सात जणांना तिथं मोजायचं नाही. आजीची चूल त्या दिवसांपुरती तिची एकटीची. उत्तर "एक". पाठोपाठ मी असंही सांगितलं, की ही सात माणसं आता भट्टीवरच्या प्रगणकाच्या भरवशावर आहेत.

आता याचा हिशेब मांडून बघू. पाड्याचे आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून माझ्या मनानं घेतले आहेत.

समजा एका पाड्यावर पावसाळ्यात ४० चुली पेटतात आणि माणसं आहेत २०८. सरासरी ५.२. दिवाळीनंतर १४ कुटुंबं घराला कडी लावून सगळीच्या सगळी भट्टीवर गेली. त्यांतली माणसं ७४. आणखी ६ घरांतून कर्ती माणसं आणि मुलं मिळून २६ जण गेले, म्हातारी-कोतारी १२ जण मागे राहिली. उरलेली २० घरं होती तशीच आहेत, त्यांत ९६ माणसं. फेब्रुवारीत गुरुजी पाड्यावर आले तर त्यांना काय सापडेल? ती २० घरं आणि म्हाताऱ्यांची ६, मिळून २६ कुटुंबं. माणसं ९६ आणि १२, मिळून १०८. सरासरी ४.१५ च्या आसपास. ५.२ वरून एकदम इतकी खाली!

आता भट्टीवर जाऊ. तिथला प्रगणक चोख असेल तर त्याला १४ पूर्ण कुटुंबं सापडतील, आणि त्या ६ घरांतली माणसं आपापल्या खोपटीत रांधतायत म्हणून आणखी ६ कुटुंबं. एकूण २० कुटुंबं, १०० माणसं. सरासरी ५. माणसं राहतात असं छप्पर असलेली खोपटी हे जनगणनेच्या दृष्टीनं घरच आहे, म्हणून ही माणसं बेघर नव्हेत.

दोन्हीकडची बेरीज करा. माणसं १०८ आणि १००, म्हणजे २०८. एकही कमी नाही. पण कुटुंबं? २६ आणि २०, म्हणजे ४६. पावसाळ्यात ती ४० होती. कुणाचं लग्न झालं नाही, कुणी वाटणी मागितली नाही, तरी सहा चुली वाढल्या! कारण सहा घरं पोटासाठी दोन ठिकाणी विभागली गेली. भट्टी आणि पाडा एकाच जिल्ह्यात असतील, तर या लोकांपुरती जिल्ह्याची सरासरी ५.२ वरून ४.५ वर आली. आकडा खोटा नाही. त्या वीस दिवसांचं ते खरं चित्र आहे. पण कुणी त्यावरून म्हणेल, की आदिवासी भागात एकत्र कुटुंबं मोडत चालली, लोक चौकोनी संसार करू लागले, तर ते चुकीचं होईल. मोडलेलं काही नाही. जूनमध्ये सहाही चुली पुन्हा एक होतात.

आणि हे सगळं भट्टीवरचा प्रगणक चोख असेल तर! तिथे काय चुकतं तेही सांगतो. जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरांची यादी, नंतर माणसांची मोजणी. महाराष्ट्रात घरयादीचं काम मे-जून २०१० मध्ये झालं. तेव्हा भट्ट्या बंद होण्याच्या बेतात होत्या, कुठे बंदही झाल्या होत्या. नंतर पाऊस पडला, खोपट्या गेल्या. नव्या हंगामात नव्या जागी नव्या खोपट्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारीतल्या प्रगणकाच्या हातातल्या यादीत आणि नकाशात त्या असणारच कशा? त्यानं आपल्या गटाची हद्द पायी फिरून नवीन उभं राहिलेलं प्रत्येक छप्पर यादीत घालायचं असतं. तो फिरला नाही, तर पाड्यावरच्या गुरुजींनी नियम पाळून गाळलेली १०० माणसं भट्टीवरही गाळली जातात. दोघांनीही आपल्या हातातल्या कागदाप्रमाणे काम केलं, आणि माणसं हरवली.

उलटही घडतं. पाड्यावरचे गुरुजी दयाळू निघाले, "आजी सांगते तर लिहू आठ" म्हणाले, आणि भट्टीवरच्यानं सातही जण मोजले, तर सात माणसं दोनदा. म्हणून भट्टीवर विचारायचा खरा प्रश्न "गाव कुठलं?" हा नसून "९ तारखेपासून एखादा दिवस तरी गावी जाऊन आलात का?" हा आहे. शहापूरच्या पाड्यावरून भिवंडीची भट्टी काही परदेशात नाही. एखाद्या लग्नासाठी, आजारपणासाठी माणूस दोन दिवस घरी जाऊन येतो, आणि तेवढ्यानं तो घरचा ठरतो.

अशा चुका किती होतात हे तपासण्यासाठी जनगणनेनंतर निवडक भागांत पुन्हा एक स्वतंत्र पाहणी करतात. २०११ च्या पाहणीतून असा अंदाज निघाला, की देशात दर हजारी सुमारे २३ माणसं निव्वळ सुटली. हा सगळ्या देशाचा आकडा आहे. सुटणारी माणसं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात, हे तुम्ही आता सहज ओळखाल.

आता जिल्ह्याकडे वळू. सगळ्या गावांचे, शहरांचे आकडे आले, की जिल्ह्याची सरासरी कशी काढतात? एकूण लोकसंख्येला एकूण कुटुंबसंख्येनं भागायचं, एवढंच. पण पुष्कळ जण इथं एक चूक करतात. ते तालुक्यांच्या सरासऱ्या घेतात, त्यांची बेरीज करतात आणि तालुक्यांच्या संख्येनं भागतात. ठाण्यासारख्या जिल्ह्यात तर ही चूक फारच महाग पडते.

२०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ होती आणि मुरबाडची १,९०,६५२. दोन्ही मिळून पाच लाखांच्या थोडी वर. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १,१०,६०,१४८. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आज जो ठाणे जिल्हा उरला आहे त्याच्या सात तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या ८०,७०,०३२ भरते. म्हणजे क्षेत्रानं एवढे ऐसपैस असलेले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मिळून जिल्ह्याच्या माणसांत शंभरातले सहा-सव्वासहा.

पुन्हा एक काल्पनिक हिशेब करू. समजा ग्रामीण भागात ६०,००० कुटुंबं आहेत आणि दर कुटुंबी ५ माणसं. माणसं झाली ३ लाख. शहरी भागात १८ लाख कुटुंबं आणि दर कुटुंबी ४.२ माणसं. माणसं झाली ७५ लाख ६० हजार. पाच आणि ४.२ यांची सरळ सरासरी ४.६ येते. पण एकूण ७८ लाख ६० हजार माणसांना १८ लाख ६० हजार कुटुंबांनी भागलं, तर येते ४.२३. जिल्ह्याचा आकडा म्हणजे जवळजवळ शहरांचाच आकडा. पाड्यांवरची सरासरी पाचाची सहा झाली किंवा चार झाली, तरी जिल्ह्याचा आकडा दुसऱ्या दशांश स्थळावर जेमतेम हलेल. तेव्हा "ठाणे जिल्ह्यात दर कुटुंबी इतकी माणसं" हे वाक्य डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

एक शेवटची खूणगाठ भाजक आणि भाज्य यांच्याबद्दल. २०११ ची देशाची सरासरी तुम्हाला कुठे ४.९ दिसेल, कुठे ४.८५. दोन्ही आकडे खरे आहेत. देशाची लोकसंख्या सुमारे १२१.०९ कोटी. घरयादीच्या टप्प्यात कुटुंबं मोजली गेली सुमारे २४.६७ कोटी, आणि त्यांत संस्थात्मक कुटुंबं धरलेली नव्हती. माणसांच्या मोजणीत सगळ्या प्रकारची कुटुंबं मिळून सुमारे २४.९५ कोटी झाली. पहिल्या आकड्यानं भागलं की ४.९१ येतात, दुसऱ्यानं ४.८५. पहिल्या भागाकारात वर आश्रमशाळेतली मुलं आहेत, पण खाली त्यांची आश्रमशाळा नाही. असा तिरपागडा भागाकार करू नये. ज्यांची माणसं वर घेतली, त्यांच्या चुली खाली घ्याव्यात. २००१ मध्ये देशाची सरासरी ५.३ होती. दहा वर्षांत ती इतकी उतरली ते प्रामुख्यानं मुलं कमी झाली आणि संसार लहान झाले म्हणून, यात शंका नाही. पण एखाद्या तालुक्यात आकडा उतरला, तर कारण तेच असेल असं समजू नये. तिथं घरं बंद होती का, हेही बघावं.

हे बघायचं कशासाठी? कारण कागद पुढे चालत राहतो. फेब्रुवारीत २६ कुटुंबांचा आणि १०८ माणसांचा दिसलेला पाडा जूनपासून पुन्हा ४० चुलींचा आणि २०८ माणसांचा होतो. अंगणवाडीत किती लेकरांचा आहार लागेल, नळयोजनेत किती घरांना पाणी द्यायचं, पावसाळ्यापूर्वी रेशनचं किती धान्य पोहोचवून ठेवायचं, हे जर कुणी फेब्रुवारीच्या आकड्यावर ठरवलं, तर पावसाळ्यात, म्हणजे ज्या महिन्यांत घरातलं धान्य संपलेलं असतं नेमक्या त्याच महिन्यांत, निम्म्या माणसांचा हिशेब कागदावर नसतो. आणि भट्टीच्या गावाकडे त्यांचा आकडा असतो, पण तोवर माणसं तिथून गेलेली असतात.

कोविडच्या साथीमुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी संदर्भक्षण ठरला १ मार्च २०२७ च्या ० वाजताचा. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरवण्यात आला, आणि माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. कागदाऐवजी मोबाइलवर माहिती भरायची सोय झाली, पण भट्ट्यांचा हंगाम काही बदललेला नाही. म्हणून पाड्यावर "घर बंद" असा शेरा मारण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारून भट्टीचं गाव टिपून ठेवणं, आणि भट्टीवर खोपटी-खोपटीला जाऊन तारखा विचारणं, ही दोन कामं माणसालाच करावी लागतात.

त्या दिवशी गुरुजी परत जाऊन आजीला म्हणाले, "आजी, तुमचं एकच नाव लिहिलंय. बाकीच्यांची तिकडे लिहितील." आजी म्हणाली, "लिहितील ना नक्की?" गुरुजींनी भट्टीचं गाव विचारून घेतलं. रात्री मी त्या भागातल्या पर्यवेक्षकांना फोन केला. तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला. ओढ्यापलीकडच्या भट्टीवर अकरा खोपट्या यादीबाहेर सापडल्या होत्या. आजीची सात माणसं त्यांतल्याच एका खोपटीत होती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)